पैठणी, ड्रायक्लीनर आणि घाईत गेलेला मेसेज

रात्री साडेदहाला दुकान बंद करता करता काउंटरवरचा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो: “काकू सॉरी. तुमच्या पैठणीचा रंग उतरलाय. नवीन पोरगा होता, त्याने बहुतेक चुकीचं केमिकल लावलं. पूर्ण आमचीच चूक आहे. टेन्शन घेऊ नका, पूर्ण भरपाई देतो.”

मेसेज मनापासून लिहिलेला आहे. तो वाचून काकूंचा राग थोडा निवळेलही. पण साडी चाळीस हजारांची असली, भरपाईच्या आकड्यावर बोलणी फिसकटली आणि प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेलं, तर दुकानाविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच मेसेज ठरतो, आणि तो दुकानाच्याच फोनवरून गेलेला असतो. लाँड्री, ड्रायक्लीनर, शिंपी, घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्त करणारे, कुरिअरवाले, घरसामान हलवणारे, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेऊन जे धंदा करतात, त्या सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. वस्तू खराब झाली किंवा सापडत नाही, ग्राहकाला आजच्या आज काहीतरी कळवायला तर हवं. मग दिलगिरी कशी लिहायची, की ती खरी वाटेल आणि तरीही जे अजून आपल्यालाच माहीत नाही त्याची कबुली तिच्यातून जाणार नाही? उदाहरण म्हणून ही पैठणीच धरू. साडी, दुकान आणि काकू काल्पनिक आहेत, कायदा मात्र खरा आहे.

साडी धुवायला दिली की कायद्याच्या भाषेत ‘निक्षेप’ होतो. वस्तूची मालकी काकूंचीच राहते, ताबा काही दिवसांपुरता दुकानाकडे येतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी काळजी दुकानाने घ्यायची असते. कलम १५२ सांगतं की तेवढी काळजी घेऊनही वस्तू बिघडली, तर वेगळा करार नसेल तेव्हा दुकान जबाबदार नाही. दुकानदाराच्या हातात बचाव असतो तो एवढाच. तोही त्यालाच सिद्ध करावा लागतो, कारण साडीचं आत काय झालं हे त्याला ठाऊक, काकूंना नाही.

आता तो मेसेज पुन्हा वाचा. “नवीन पोरगा”, “चुकीचं केमिकल”, “पूर्ण आमचीच चूक”. काळजी घेतली होती असं म्हणायची सोय या तीन तुकड्यांनी संपवली. नवीन मुलाच्या हाती पैठणी दिली, म्हणजे देखरेख नव्हती. चुकीचं केमिकल लावलं, म्हणजे काळजी घेतली नाही. आणि “बहुतेक” हा शब्द मधे असला तरी पुढच्याच वाक्यातल्या “पूर्ण”ने तो पुसून टाकला.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि १८७२ चा जुना पुरावा कायदा गेला. नव्या कायद्याच्या कलम १५ मध्ये कबुलीची व्याख्या आहे. तोंडी, कागदावरचं किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं असं कुठलंही विधान, ज्यावरून वादातल्या मुद्द्याबद्दल अनुमान काढता येतं, ते कबुली ठरू शकतं. ‘मी जबाबदार आहे’ असं स्पष्ट लिहायलाच हवं असं नाही. व्हॉइस मेसेजही त्यात येतो. शिवाय कलम १६ मुळे मालकाच्या वतीने बोलायचा अधिकार ज्याला आहे त्याचं बोलणंही मालकाच्या नावावर जमा होतं. अधिकारपत्र दिलेलं असावं लागतं असंही नाही. दुकानाच्या नंबरवरून रोज तोच मुलगा ग्राहकांना उत्तरं देत असेल तर “त्याला काही माहीत नव्हतं” हे म्हणणं टिकणं अवघड.

काही देशांनी या अडचणीवर कायदाच केला आहे. इंग्लंडच्या २००६ च्या एका कायद्यात म्हटलंय की केवळ माफी मागितली म्हणून निष्काळजीपणाची कबुली दिली असं होत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी आणि हाँगकाँगने २०१७ मध्ये माफीला संरक्षण देणारे स्वतंत्र कायदे केले. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे आपल्याकडे कुठल्या गोष्टीबद्दल माफी मागितली हे महत्त्वाचं ठरतं. “तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफ करा” यातून दोष कोणाचा ते ठरत नाही. “आमच्या निष्काळजीपणाबद्दल माफ करा” म्हटलं की ठरतं.

मग लिहायचं काय? त्याआधी साडीकडे नीट बघायला हवं, कारण मेसेजमधली खरी खोट कायद्याच्या अज्ञानातून आलेली नाही. रात्री साडेदहाला रंग का उतरला हे दुकानात कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरीही कारण लिहून टाकलं. रंग उतरायला कारणं बरीच असतात. काठाचा रंग मुळातच कच्चा असू शकतो. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात जो रंग जागचा हलत नाही, तोच पाणी लागल्यावर पसरू शकतो; डाग काढताना त्या जागी पाणी किंवा पाणी मिसळलेलं औषध लावलं जातं. घामाने आणि थेट अंगावर मारलेल्या अत्तराने रेशमाचा रंग आधीच फिका पडलेला असतो आणि धुतल्यावर तो नजरेत भरतो. घरी कोणी ओल्या फडक्याने डाग पुसायचा प्रयत्न केलेला असतो, तो सांगितलेला नसतो.

कारण शोधायचं तर साध्या तपासण्या आहेत. साडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या टोकाला ओला पांढरा सुती कपडा थोडा वेळ दाबून धरायचा. तिथेही लाल रंग फडक्यावर आला तर रंग कच्चा आहे हे कळतं. उतरलेला रंग फक्त डाग काढला त्या जागेभोवती वर्तुळासारखा असेल तर संशय डाग काढण्याच्या कामावर जातो. त्याच लॉटमधले बाकीचे कपडे ठीक आहेत का ते बघायचं. आणि साडी घेताना पावतीवर काय नोंदवलं होतं ते काढायचं: “पदरावर डाग, रंगाची खात्री नाही” असं लिहिलं असेल तर फार उपयोगी, पण केवळ “१ साडी” लिहिलं असेल तर साडी आली तेव्हा ती कशी होती हे सांगणारा दुकानाकडे कागदच नाही. बहुतेक दुकानांचं नशीब इथेच फुटतं, मेसेजमध्ये नव्हे.

हे सगळं दुसऱ्या दिवशी होणार. तोवर काकूंना कळवायचं असेल, आणि कळवायलाच हवं, तर मेसेज असा होऊ शकतो:

“काकू, तुमची पैठणी द्यायला काढताना पदराजवळ काठाचा लाल रंग आतल्या पिवळ्या भागावर उतरलेला दिसला. साधारण वीतभर भाग आहे, फोटो सोबत पाठवतोय. लग्नात नेसायची साडी, तिचं असं झालेलं बघून आम्हालाही फार वाईट वाटतंय. हे कशामुळे झालं ते अजून कळलेलं नाही. साडी होती तशी बाजूला ठेवली आहे, तिच्यावर पुढे काहीही केलेलं नाही. उद्या तुमच्या सोयीने या, तुमच्यासमोरच बघू. काय कळलं आणि आम्हाला काय करता येईल ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवतो. साडीची खरेदीची पावती सापडली तर घेऊन या.”

यात एकही वाक्य खोटं नाही, आणि काकूंपासून लपवलेलंही काही नाही. नुकसान काय झालं ते पहिल्या मेसेजपेक्षा जास्त नेमकं सांगितलंय. वाईट वाटल्याचं वाक्य आहे, आणि ते ठेवावंच. वाईट वाटणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे. गेलंय ते एवढंच: कारणाचा अंदाज, मुलाचं खापर आणि “पूर्ण” हा शब्द. त्यांच्या जागी तारीख आली. “टेन्शन घेऊ नका” याने काकूंना जो धीर मिळाला असता, त्याहून जास्त शुक्रवारच्या तारखेने मिळतो. पण ती पाळली पाहिजे.

आता याच्या उलट टोक. वकिलाचा सल्ला घेतलेला एखादा हुशार मालक लिहितो: “सदर साडीच्या नुकसानीस आम्ही कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. पावतीमागील अट क्रमांक ७ पहावी.” मला हा मेसेज पहिल्यापेक्षाही धोकादायक वाटतो. कारण माहीत नसताना “आम्ही जबाबदार” लिहिणं जसा अंदाज, तसाच “आम्ही जबाबदार नाही” हाही अंदाजच. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या करताना ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटी धरली आहे. आयोगाची कार्यपद्धती साध्या दिवाणी कोर्टाइतकी कडक नसते. पुराव्याचे नियम तिथे शब्दशः लावले जात नाहीत, मेसेज व्यवहाराच्या नजरेने वाचले जातात. काकूंचं काय झालं हे विचारायच्या आधी अट क्रमांक ७ दाखवणारा माणूस त्या नजरेला कसा दिसेल, ते सांगायला नको. आणि काकूंना तिथे पोचायला खर्चही नाही. फीसाठी साडीची किंमत बघत नाहीत, सेवेसाठी मोजलेले पैसे बघतात. साडेचारशे रुपयांच्या धुलाईची तक्रार जिल्हा आयोगात विनाशुल्क दाखल होते, दोन वर्षांच्या आत.

त्या पावतीमागच्या अटीचंही बघू. ‘धुलाईच्या दहापटीपेक्षा जास्त भरपाई मिळणार नाही’ अशी ओळ अनेक ठिकाणी छापलेली असते. ती कधी चालते? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात कुरिअर कंपनीची जबाबदारी शंभर डॉलरपुरतीच ठेवली, कारण तशी अट असलेल्या कागदावर पाठवणाऱ्याची सही होती. उलट बारीक अक्षरात मागे छापलेली, कोणी न दाखवलेली आणि सही नसलेली अट तितकी भरवशाची नाही. ड्रायक्लीनरच्या पावतीवर ग्राहकाची सही मी तरी फारशी पाहिलेली नाही. पण समजा सही आहे, अट ग्राह्य आहे आणि मर्यादा साडेचार हजारांची आहे. त्यानंतर “पूर्ण भरपाई देतो” असा मेसेज गेला, तर दुकानाने ती मर्यादा स्वतःच सोडून दिली असं म्हणायला काकूंच्या वकिलाला जागा मिळते. तो युक्तिवाद टिकेल की नाही हा वेगळा भाग. दोन शब्दांमुळे तो लढवावा मात्र लागतो.

“पूर्ण भरपाई”चा आणखी एक धोका दुकानदारांच्या लक्षातच येत नाही. दुकानाचा विमा असेल आणि त्यात ग्राहकाच्या नुकसानीचं दायित्व धरलेलं असेल, तर अशा पॉलिसीत सहसा एक अट असते: विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष कबूल करायचा नाही, देऊ करायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. रात्री साडेदहाच्या मेसेजने तिन्हीपैकी दोन गोष्टी मोडल्या. दुसऱ्या दिवशी दावा टाकायला गेलं की कंपनी याच मेसेजवर बोट ठेवू शकते. म्हणून पॉलिसी असेल तर ग्राहकाला कळवलं त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवायचं, आणि रकमेचा शब्द त्यानंतरच काढायचा.

आता समजा पहिला मेसेज गेलाच आहे आणि मालकाने तो सकाळी पाहिला. पहिली ऊर्मी असते ती ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबण्याची. ते करू नये. काकूंनी स्क्रीनशॉट घेतला असण्याची शक्यता मोठी, आणि जो पुरावा एखाद्याने दडवला तो त्याच्या विरुद्धच गेला असता असं गृहीत धरायची मुभा न्यायालयाला साक्ष्य कायद्यातच आहे. उपाय दुसराच आहे. कलम २५ म्हणतं की कबुली हा अंतिम पुरावा नव्हे, तिचा खुलासा करता येतो. म्हणून तपासणीनंतर दुसरा मेसेज जातो, आणि तो पहिल्याला नाकारत नाही, उल्लेख करूनच पुढे जातो:

“काल रात्रीचा मेसेज साडी नीट बघायच्या आधी पाठवला होता. कारणाबद्दल त्यात जे लिहिलं तो आमचा अंदाज होता. आज तपासल्यावर जे दिसलं ते असं…”

इथे एक अडचण आहे आणि तिला वळसा घालता येत नाही. मुलाने रात्री खरोखर सांगितलं असेल की “मी चुकीची बाटली घेतली”, तर तो अंदाज नव्हता. त्याला अंदाज म्हणणारा दुसरा मेसेज सरळ खोटा आहे, आणि उलटतपासणीत तो मुलगा एका प्रश्नात ते सांगून टाकेल. शब्द नीट करायचे ते माहीत नसलेलं माहीत असल्यासारखं लिहिलं जाऊ नये म्हणून. माहीत असलेलं गाडून टाकायला ते वापरले, तर कायद्याचं संरक्षणही जातं आणि माझी सहानुभूतीही.

साडी खराब होण्याऐवजी सापडतच नसेल, तर शब्दांचा उपयोग बराच कमी होतो. वस्तू ठरल्या वेळी परत करणं हे कलम १६० प्रमाणे दुकानाचं कामच आहे. दुकानाच्या कसुरीने ती तारीख टळली की कलम १६१ प्रमाणे त्यानंतरच्या नुकसानीला दुकान जबाबदार होतं, मग पुढे दुकानाला आग लागली तरी. म्हणजे “उद्या देतो काकू”, “परवा नक्की” असे गोड मेसेज आठवडाभर पाठवत राहणं हाच त्या प्रकारातला खरा घात. प्रत्येक मेसेज तारीख टळल्याची लेखी नोंद करत जातो. “१२ तारखेला द्यायची साडी आज शोधूनही मिळाली नाही. टॅग बदलून दुसऱ्या ग्राहकाकडे गेली का ते त्या आठवड्याच्या सगळ्या पावत्या लावून बघतोय, बुधवारी कळवतो” एवढं पहिल्याच दिवशी लिहिलं तर निदान शोध खरोखर घेतल्याचं दिसतं. “हरवली” असं लिहायची घाई नको, कारण अशा साड्या दुसऱ्याच्या गाठोड्यात निघाल्याची उदाहरणं या धंद्यात नवी नाहीत.

मालवाहतूकदारांची गत याहून कठीण. माल फुटला किंवा हरवला तर त्यांचा निष्काळजीपणा मालवाल्याला सिद्ध करावा लागत नाही. २००० मध्ये पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ग्राहक मंचातल्या तक्रारींनाही लागू केलं. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही, हेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात आलं. तरी तिथेही लिहिण्याला किंमत आहे, ती वेगळ्या ठिकाणी. माल ओला निघाला की विम्यासाठी व्यापारी वाहतूकदाराकडे डॅमेज सर्टिफिकेट मागतो आणि ते द्यावंही लागतं. त्यात “४० पैकी ३ खोकी बाहेरून ओली, ओपन डिलिव्हरी देऊन आतला माल पाहिला” इथे थांबायचं. “ड्रायव्हरने ताडपत्री नीट बांधली नाही म्हणून” हे गोदामातल्या कारकुनाने लिहायचं वाक्य नाही. विमा कंपनी व्यापाऱ्याला पैसे देते आणि त्याच्या जागी उभी राहून तोच कागद घेऊन वाहतूकदाराकडे वसुलीला येते. व्यापाऱ्याशी वीस वर्षांचे संबंध असले तरी त्या कंपनीशी नसतात.

पैठणीकडे परत येऊ. गुरुवारी काकूंसमोर ओलं फडकं दाबून पाहिलं. आतल्या टोकाला रंग अजिबात आला नाही. उतरलेला रंग फक्त जुन्या डागाभोवती होता, आणि पावतीत डाग नोंदवलेला होता पण रंग ठीक होता. म्हणजे डाग काढताना काठ आड न धरता औषध लावलं गेलं. आता कारण कळलं आणि ते दुकानाकडचं आहे. इथून पुढे “कशामुळे झालं ते कळलेलं नाही” हे वाक्य वापरता येत नाही, आणि मोघम बोलत राहण्यातही शहाणपण नाही. आयोगात गेलं तर साडीच्या किमतीखेरीज मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च असे आकडे वर चढतात.

तडजोडीची बोलणी मात्र वेगळ्या कागदावर करायची. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी वादात, हे बोलणं पुरावा म्हणून वापरायचं नाही अशा स्पष्ट अटीवर किंवा दोघांची तशी समजूत होती असं परिस्थितीवरून दिसत असेल तेव्हा केलेली कबुली ग्राह्य धरली जात नाही. व्यापारी पत्रांवर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहितात ते याचसाठी. पण नुसता शिक्का मारून भागत नाही; खाली खरोखर तडजोडीचा प्रस्ताव असावा लागतो. रात्रीच्या पहिल्या मेसेजवर तो लिहून उपयोग नव्हता, तिथे तडजोड चाललीच नव्हती. आताच्या पत्रात तो शोभतो: “हा प्रस्ताव केवळ तडजोडीसाठी असून दोन्ही पक्षांच्या हक्कांना बाध न येता केलेला आहे. तो मान्य न झाल्यास पुरावा म्हणून वापरला जाणार नाही.”

रकमेची बोलणी त्यानंतर. साडी चाळीस हजारांना सहा वर्षांपूर्वी घेतलेली, चार-पाचदा नेसलेली, बाकीची शाबूत. काकूंनी तीस मागितले, दुकानाने पंधरा म्हटलं, बावीसवर जमलं. धुलाईचे साडेचारशे परत, साडी काकूंकडेच. विमा कंपनीची संमती ईमेलवर आली तेव्हाच आकडा पक्का सांगितला. पावतीवर साडीचं वर्णन, मूळ पावतीचा नंबर, रक्कम आणि “या साडीबाबतच्या सर्व मागण्यांच्या पूर्ण व अंतिम पूर्ततेपोटी मिळाले” एवढी ओळ, खाली काकूंची सही आणि तारीख. पैसे यूपीआयने गेले, शेऱ्यात ‘तडजोड’ आणि पावती क्रमांक. गल्ल्यातून रोख काढून दिलेल्या बावीस हजारांचा हिशेब पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षात राहत नाही.